बारा ते चारचा वॉच आणि तुझ्या गोष्टीतला पोरगा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

जहाजावरच्या पोराची तुझी गोष्ट वाचली. पोरगा चांगला उतरलाय. आईचा अर्धवट कापला गेलेला फोन, मेसमधला गार भात, दुसऱ्याच्या मापाचा बॉयलर सूट, हे सगळं पटतं. पण तू त्याला चुकीच्या जागी उभा केलायस. मध्यरात्री दाट धुक्यात ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, तो एकटा आणि अख्खं जहाज त्याच्या हवाली, असं होत नाही. बारा ते चारच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याला, सेकंड ऑफिसर असतो आणि त्याच्या जोडीला समुद्रावर नजर ठेवणारा खलाशी, लुकआउट. धुकं पडलं की सुकाणूवर आणखी एक खलाशी येतो, कारण सुकाणू धरलेल्या माणसाला लुकआउट म्हणून मोजत नाहीत. कॅप्टनला उठवतात, इंजिनरूमला कळवतात. धुक्यात ब्रिजवर उलट गर्दीच होते.

तुला पोरगा एकटाच हवा असेल तर त्याला फोक्सलवर पाठव, जहाजाच्या अगदी नाकावर. ब्रिज तिथून दीडशे मीटर मागे, धुक्यात पार गडप झालेला. गळ्यात वॉकी-टॉकी, अंगावर ओलं जॅकेट, आणि बोलायला कुणी नाही. हा एकटेपणा खरा आहे आणि त्याला कामही आहे. इंजिन मागे राहतं, म्हणून जहाजावर सगळ्यात चांगलं ऐकू येतं ते फोक्सलवर. त्याला तिथे बघायला कमी आणि ऐकायला जास्त पाठवलेलं असतं.

जागाही बदल. अटलांटिक तू सिनेमातून उचललायस. आपला पोरगा मुरगावहून लोहखनिज घेऊन चीनच्या चिंगदाओला निघालाय असं कर. एप्रिलच्या अखेरीस पिवळ्या समुद्रात शिरताना धुकं सहज मिळतं. दक्षिणेकडून दमट, उबदार हवा येते आणि हिवाळ्यातून अजून न सावरलेल्या गार पाण्यावर पसरते. हे घाटातलं धुकं नाही, की वारा सुटला आणि पळालं. वाराच त्याला घेऊन येतो. तू लिहिलंयस, ‘वाऱ्याच्या एका झोताने पडदा फाटला.’ ते वाक्य काढून टाक, मोह होईल तरी. त्या पाण्यात मासेमारीच्या बोटीही गच्च असतात, आणि तुझ्या गोष्टीला नेमकी त्यांचीच गरज आहे.

आता भोंग्याचं. तुझ्या गोष्टीत भोंगा ‘अधूनमधून रडतो’. चालत्या जहाजाने धुक्यात जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा द्यायचा असतो, चार ते सहा सेकंदांचा. बारा नॉटने चाललेलं जहाज त्या दोन मिनिटांत साधारण साडेसातशे मीटर पुढे जातं. पोराला हे ठाऊक असू दे. दर भोंग्याला तो मनात म्हणेल, आणखी चार जहाजं मावतील एवढं पाणी आपण न बघता कापलं. पुढच्या डोलकाठीवरही भोंगा असेल तर तो बंद ठेवून मागचा वाजवायला कॅप्टनने सांगितलेलं असावं, नाहीतर पोरगा बहिरा होईल. भोंगा थांबल्यावर कानात काही क्षण घुमतं आणि मग शांतता येते. ऐकायचं ते त्या शांततेत.

तुझा कळसाचा प्रसंग मी असा लिहीन. पावणेतीन वाजलेत. आपला भोंगा थांबला, आणि उजवीकडे पुढे कुठेतरी त्याला काही ऐकू आलं. एक लांब, दोन आखूड. निदान तसं वाटलं. आवाज पातळ होता. मोठ्या जहाजाचा भोंगा खर्जात बोलतो, लहान बोटीचा वरच्या पट्टीत. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे सहज बाजूला न होऊ शकणारं कुणीतरी: जाळं ओढणारी बोट, शिडाचं जहाज, टो करणारा टग. आता तो काय करेल? तुझ्या मसुद्यात तो ओरडतो आणि कॅप्टन चक्र गरागरा फिरवतो. खरी ओढाताण त्याच्या आधीच्या दहा सेकंदांत असते. वॉकी-टॉकीचं बटण दाबू की नको? खोटं निघालं तर? सुकाणी उद्या मेसमध्ये हसेल. दोन तास नुसतं पांढरं बघून डोळ्यांनी त्याला आधीच दोनदा फसवलंय. नजरेला धरायला काही नसलं की ती आपोआप जवळ येऊन थांबते आणि नसलेल्या आकृती दाखवते. मग कानांवर तरी विश्वास का ठेवायचा? या दहा सेकंदांना तू एक ओळ दिलीयस. पान दे.

आणि मग त्याला बटण दाबू दे. ‘ब्रिज, फोक्सल. एक लांब, दोन आखूड, स्टारबोर्ड बो, साधारण दोन पॉइंट. नक्की नाही.’ हे ‘नक्की नाही’ फार महत्त्वाचं. धुक्यात आवाजाची दिशा चकवते. दोन पॉइंट म्हणजे बावीस-तेवीस अंश, आणि चूक त्याहूनही मोठी असू शकते. म्हणूनच समुद्रात टक्कर टाळायच्या नियमातही ‘आवाज पुढून येतोय असं वाटलं तर’ असंच धरलंय. खात्रीची वाट बघायची नाही.

ब्रिजवर काय होतं ते पोराला दिसत नाही, तेव्हा वाचकालाही दाखवू नकोस. पण तुला माहीत हवं. सेकंड ऑफिसर रडारमध्ये बघतो. लाकडी बोटीचा ठिपका अंधुक येतो, लाटांमुळे पडद्यावर उमटणाऱ्या कचऱ्यात हरवतो, म्हणून पडदा कोरा असला तरी पोराला कुणी खोटं पाडत नाही. चक्रही कुणी गरागरा फिरवत नाही. तोकड्या माहितीवर वळायचं नसतं. वळलो आणि बोट त्याच बाजूला असली तर? आवाज पुढून आला आणि टक्कर होणार नाही याची खात्री नसली, तर वेग इतका उतरवायचा की जहाज जेमतेम सुकाणू ऐकेल, आणि गरज पडली तर पूर्ण थांबवायचं. भरलेलं जहाज लगेच थांबत नाही, हे विसरू नकोस. पोराला एवढंच कळतं की पायाखालची थरथर बदलली, नाकाखालचं पाणी फुटण्याचा आवाज हळूहळू मंदावला. आपल्या एका वाक्याने एवढं मोठं धूड हळू झालं, हे त्याला तळपायातून कळू दे.

मग बोट. ती दिसायलाच हवी असा हट्ट धरू नकोस. पुढचा लांब-दोन-आखूड आवाज त्याला आडवा ऐकू येतो. मग डिझेलचा वास, इंजिनची टकटक, चिनी भाषेतली एक आरोळी, कुणीतरी डबा बडवतंय. धुक्यात पिवळट डाग उगवतो आणि मागे सरकतो. प्रत्येक गोष्ट तो ब्रिजला कळवतो. डाग मागे गेला हेसुद्धा, कारण त्यानंतरच वर वेग वाढवायचा विचार करता येतो.

सेकंड ऑफिसरची शाबासकी काढ. त्या वेळी त्याला फुरसत नसते, शिवाय बारा ते चारचा माणूस तसं बोलतही नाही. तो फार तर म्हणेल, ‘ऐकलं. बघत राहा.’ चारला पुढचा खलाशी फोक्सलवर येईल तेव्हा पोराने त्याला काय सांगितलं ते मात्र लिही: कुठल्या बाजूला काय ऐकलं, केव्हा, आता काय चालू आहे. वॉच असाच देतात, आणि इतका वेळ तोंड मिटून उभा असलेला पोरगा किती भडाभडा बोलतो ते तिथे दाखवता येईल.

आणखी एक बारीक गोष्ट. तुझा पोरगा पहाऱ्यावर मोबाइल काढून आईचा फोटो बघतो. उजेडाने डोळे एकदा दिपले की अंधाराला पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. आमच्या सारंगाने तो फोन समुद्रात भिरकावला असता. फोटो ठेवायचाच असेल तर वॉचला जायच्या आधी, केबिनमध्ये बघू दे.

नवा मसुदा पाठव. गणपतीला मी गावी असेन, तिथल्याच पत्त्यावर.

तुझा,
काका