पास्कलची पैज आणि अनेक देव

प्रश्न: देव आहे असं धरून श्रद्धा ठेवण्यातच फायदा आहे, ही फ्रेंच गणिती पास्कलची पैज. तिचं गणित बरोबर असेल, तर 'देव अनेक असू शकतात' एवढ्याने ती कशी मोडते?

मोडते, कारण अनंताला कितीही लहान शक्यतेने गुणलं तरी अनंतच उरतं. पास्कलचा सगळा जोर याच गुणाकारावर आहे: देव असण्याची शक्यता १००० त १ धरली, तरी अनंत स्वर्गसुखाची अपेक्षित किंमत, म्हणजे शक्यता गुणिले लाभ, अनंतच, म्हणून श्रद्धा ठेवा. आता पहिल्याच्या भक्तांना दूर लोटणारा दुसरा देव आणा. त्याची शक्यता कोटीत १ धरा. किंमत पुन्हा अनंत! दोन्ही पर्याय सारखेच, निवड अडली. १८व्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरोने असंच म्हटलं: असा युक्तिवाद इमामही करू शकेल. मात्र बरोबरी झाल्यास जास्त शक्यतेचा देव निवडावा, असा नियम मानला तर पैज थोडी सावरते. पण तो नियम बाहेरून आणावा लागतो, अपेक्षित किमतीतून निघत नाही.