नियुक्तीपत्र वाचल्यानंतर कळवलेला नकार

"एका कंपनीला मी फोनवर होकार दिला होता. पत्र हाती आल्यावर अटी नीट वाचल्या, तेव्हा दुसऱ्या कंपनीची नोकरी मला जास्त सोयीची वाटते आहे. आता नाही कसे कळवू? खरे कारण लिहावे का? ते रागावले तर पुढे कधी उभे करणार नाहीत, अशी भीती वाटते."

गेल्या वर्षी जून महिन्यात मिरजेची एक तरुण क्वालिटी इंजिनियर याच अडचणीत माझ्याकडे आली होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून तिची हकिकत सांगतो. चाकणच्या एका कंपनीने तिला वर्षाला ७,२०,००० रुपयांचे पॅकेज देऊ केले होते, तर कुपवाड एमआयडीसीतल्या, घरापासून जवळच्या, एका कारखान्याने ६,३०,००० रुपयांचे. नव्वद हजारांवर पाणी सोडायचे कसे, असे घरचे म्हणत होते. नकाराचा ई-मेल लिहिण्याआधी मी तिला दोन्ही पत्रांची शेवटची पाने, म्हणजे पगाराची फोड असलेली पाने, शेजारी शेजारी ठेवायला सांगितले.

चाकणच्या पत्रात मूळ पगार महिना २४,००० होता. ७,२०,००० मध्ये कामगिरीवर अवलंबून असलेले ७२,००० रुपये धरलेले होते, कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची तरतूद धरलेली होती, आणि विम्याचा ९,६०० रुपयांचा हप्तासुद्धा धरलेला होता. हे सगळे वजा केले, त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कर कापला, तेव्हा दरमहा खात्यात येणारी रक्कम सुमारे ४६,००० निघाली. कुपवाडच्या पत्रात बदलता भाग नव्हता, मूळ पगार २६,२५० होता, आणि हातात सुमारे ४४,७०० येत होते. नव्वद हजारांचा फरक महिन्याला साधारण तेराशे रुपयांवर आला, आणि चाकणला खोलीचे भाडे व खानावळ वेगळीच होती. शिवाय चाकणच्या पत्रात दोन वर्षांचा बाँड होता आणि मुदतीआधी नोकरी सोडल्यास एक लाख रुपये भरण्याची अट होती. कंपनीला अशी सगळी रक्कम कायद्याने वसूल करता येतेच असे नाही, पण वकिलाची पायरी चढायची तयारी नसेल तर बाँड नसल्यासारखा मानून सही करणे मला धोक्याचे वाटते.

इथे मी तिला थांबवले आणि विचारले, "बाँड काढला तर तू चाकणला जाशील का?" ती म्हणाली, "सर, कदाचित जाईन." मग नकार पाठवायची वेळ आलेली नव्हती. तिने त्याच दिवशी एचआरला दोन ओळींत विचारले की, ही अट वगळता येईल का. दुसऱ्या दिवशी उत्तर आले की, हा नियम सगळ्यांना सारखाच आहे. एखादी अट बदलली तर जाण्याची तयारी असेल, तर तसे नकाराच्या आधीच विचारावे. नकारातच ती अट लिहिली की समोरच्याला तो घासाघीस करण्याचा प्रयत्न वाटतो.

त्यानंतर तिने कुपवाडचे पत्र सही करून पाठवले आणि ते मिळाल्याचे लेखी उत्तर येईपर्यंत चाकणला काहीही कळवले नाही. हा क्रम मी कोणालाही बदलू देत नाही. तोंडी आश्वासनावर पहिली नोकरी नाकारून दोन्हीकडून हात रिकामे झालेली मुले मी पाहिली आहेत.

तिने लिहून आणलेला पहिला मसुदा दीड पानांचा होता. सुरुवातीला चार वेळा माफी होती, मधल्या परिच्छेदात बाँड कसा अन्यायकारक आहे हे होते, आणि शेवटी "वडिलांच्या तब्येतीमुळे मिरज सोडता येत नाही" असे होते. वडील ठणठणीत होते. मी तिला म्हटले की, यावर एचआरने सहृदयतेने "रुजू होण्याची तारीख दोन महिने पुढे ढकलू" असे लिहिले तर तू काय करशील? तिच्याकडे उत्तर नव्हते. शिवाय वाहन उद्योगातल्या क्वालिटी विभागांची माणसे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे ती कुपवाडला रुजू झाल्याचे कधी ना कधी कळणारच होते. बाँडवरचा परिच्छेदही काढला, कारण त्याचे उत्तर तिला आधीच मिळालेले होते. अटींचा अभ्यास तिला निर्णय घेता यावा यासाठी केला होता, कंपनीची चूक दाखवण्यासाठी नाही.

पत्रव्यवहार इंग्रजीत होता, पण मजकूर आम्ही आधी मराठीत पक्का केला. तो असा:

"महोदया,
सादर नमस्कार. क्वालिटी इंजिनियर या पदासाठी आपण पाठवलेले नियुक्तीपत्र मिळाले. त्यातील सर्व अटी मी काळजीपूर्वक अभ्यासल्या. माझ्या सध्याच्या परिस्थितीला दुसरा एक प्रस्ताव अधिक अनुकूल असल्याने मी तो स्वीकारला आहे. त्यामुळे आपल्या कंपनीत रुजू होणे मला शक्य नाही. पत्र मिळण्यापूर्वी मी फोनवर होकार दिला होता, त्यामुळे आपली जी गैरसोय होईल तिच्याबद्दल मी दिलगीर आहे. मुलाखतीच्या दिवशी विभागप्रमुखांनी तपासणी कक्ष स्वतः फिरून दाखवला, त्याबद्दल माझे आभार त्यांनाही कळवावेत, ही विनंती.
आपली विश्वासू"

यात दुसऱ्या कंपनीचे नाव नाही आणि पगाराचा आकडाही नाही. "स्वीकारला आहे" हे शब्द मी मुद्दाम ठेवायला लावले. "विचार करत आहे" असे लिहिले असते तर ती जागा अडून राहिली असती आणि तिला रोज फोन आले असते. फोनवरच्या होकाराचा उल्लेख ती टाळू पाहत होती. पण एचआरने त्या होकारावर विसंबून इतर उमेदवारांना थांबवलेले किंवा नाही म्हटलेले असू शकते, त्यामुळे ते एक वाक्य लिहिणे तिचे कर्तव्य होते. माफी मात्र एकदाच पुरे. आभाराच्या वाक्यातला तपासणी कक्ष माझ्या सूचनेचा नाही, तो तिनेच आठवून लिहिला, आणि सगळ्या पत्रात मला तेच वाक्य सर्वांत आवडले.

ई-मेल तिने नव्याने सुरू न करता, ज्या ई-मेलबरोबर नियुक्तीपत्र आले होते त्यालाच उत्तर म्हणून पाठवला, म्हणजे संदर्भ शोधावा लागत नाही. पत्रात होकार कळवण्यासाठी पाच दिवसांची मुदत होती. तिने चौथ्या दिवशी सकाळी कळवले. तासाभरात फोन आला. "किती हवेत ते सांगा," असे एचआरच्या बाईंनी विचारले. आम्ही एक वाक्य ठरवून ठेवले होते: "मॅडम, मी तिकडे सही केली आहे, आता शब्द फिरवणे मला योग्य वाटत नाही." त्या थोड्या नाराज झाल्या. संध्याकाळी मात्र "कळवल्याबद्दल धन्यवाद" असे उत्तर आले.

तुम्ही फोनवरचा होकार लिहिला आहे, सहीचा उल्लेख केलेला नाही. पत्रावर सही करून ते परत पाठवले असेल, तर वरचा मजकूर जसाच्या तसा चालणार नाही. आधी पत्रात रुजू होण्यापूर्वी माघार घेण्याबद्दल काही कलम आहे का ते पाहा, रुजू होण्यासाठी आगाऊ रक्कम मिळाली असेल तर ती परत करण्याची तयारी त्याच ई-मेलमध्ये कळवा, आणि "रुजू होणे मला शक्य नाही" याऐवजी "दिलेली स्वीकृती मी मागे घेत आहे" असे स्पष्ट लिहा. आणि कंपनीच्या पोर्टलवर नकार नोंदवण्याची सोय असेल तर तिथेही तो नोंदवा. मिरजेच्या मुलीचे तेवढेच राहून गेले होते, आणि नकार पोचल्यानंतरही आठवडाभर तिला कागदपत्रे जमा करण्याची स्मरणपत्रे येत राहिली.