'बघतो' हा शब्द आधी काढ

नागपूर

प्रिय मित्रा,

फुकटात बॅनर डिझाइन करून मागणाऱ्यांसाठी तू लिहिलेल्या पोस्टचा पहिला मसुदा दोनदा वाचला. "मी कोणाचा नोकर नाही. फुकटात बॅनर मागताना लाज वाटत नाही का?" पोळा, मग गणपती, मग नवरात्र. 'दोन मिनिटांचं तर काम आहे' हे तुला रोज ऐकावं लागतं, तुझा राग मला समजतो. पण ज्याच्यासाठी हे लिहिलंस तो ते स्वतःवर घेतच नाही. लागतं ते महाल भागातल्या त्या काकूंना, ज्यांनी गेल्या वर्षी न मागता पैसे हातात ठेवले होते. म्हणून प्रश्न आणि टोमणे सगळे काढ. लोक कसे आहेत ते नको, तू काय करतोस आणि काय करत नाहीस तेवढंच लिही.

तुझा दुसरा मसुदा अगदी उलट टोकाला गेलाय: "सॉरी, सध्या कामं खूप आहेत, शक्यतो मोफत जमणार नाही, तरी बघतो." मीही कधीकाळी असंच 'सध्या' लिहिलं होतं. नवव्या दिवशी एका मंडळाचा कार्यकर्ता दारात उभा, 'आता मोकळे झाले असाल!' त्याचं काय चुकलं? कारण मीच दिलं होतं आणि ते संपलं होतं. 'बघतो' तर आपल्याकडे होकारच समजतात. 'जमणार नाही' म्हटलं की समोरच्याला अडचण ऐकू येते आणि तो ती सोडवायला बसतो: "बरं, मग रात्री कर ना भाऊ." 'करत नाही' म्हटलं की नियम ऐकू येतो.

मी असं लिहिलं असतं:

"नमस्कार. सणांच्या दिवसांत बॅनर-पत्रिकांसाठी तुम्ही आठवणीने मला विचारता, त्याबद्दल आभार. डिझाइन हे माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे मी ते मोफत करत नाही. ओळखीच्यांनाही हाच नियम. साध्या बॅनरचे ८०० रुपये, त्यात दोन वेळा दुरुस्ती. मजकूर चार दिवस आधी पाठवावा, निम्मी रक्कम काम सुरू करताना द्यावी."

८०० हा मी धरलेला आकडा, तुझा तू ठरव. पण आकडा लिहीच. तो नसला की 'आपल्याकडून काय घेणार' असं धरूनच लोक येतात. आणि 'ओळखीच्यांनाही' हा शब्द गाळू नकोस. फुकट मागणारे बहुतेक ओळखीचेच असतात, आणि आपण त्या नियमात नाही असं प्रत्येकाला वाटतं.

पोस्टनंतरही कोणी विचारलंच, तर तेच वाक्य पुन्हा पाठव, शब्दही न बदलता. नवं कारण जोडलंस की घासाघीस सुरू झालीच समज.

तुझ्या मामांचं मात्र वेगळं आहे. त्यांच्या मंडळाचा बॅनर तू इतकी वर्षं करतोयस, त्यांना हे पोस्टमधून कळू देऊ नकोस. आज संध्याकाळी आधी त्यांना फोन कर, मग पोस्ट टाक.

तुझा,
काका