आठवड्याचा आढावा: राहिलेल्या कामांचं काय करायचं?

प्रश्न: दर आठवड्याला यादी करतो, पण निम्मी कामं राहतात आणि काही तर विसरूनच जातो. आढावा नेमका कसा घ्यायचा?

उत्तर: वीस मिनिटं पुरतात. नवी यादी करण्याआधी जुनी यादी आणि कॅलेंडर शेजारी ठेवा. झालेल्या कामांवर खूण करा आणि यादीत नसताना करावी लागलेली कामंही लिहा. बहुतेक जण हे लिहीत नाहीत, पण वेळ तिथेच गेलेला असतो.

समजा, ठरवली १२, झाली ७ आणि अचानक आलेली ४. म्हणजे तुमच्या आठवड्यात ठरवून होणारी कामं सध्या सातच आहेत. पुढची यादी सातचीच करा. उरलेली पाच त्यात सरसकट ढकलू नका, प्रत्येक का राहिलं ते बघा.

विम्याचं नूतनीकरण साफ विसरलात? मग ते यादीत पुन्हा लिहून भागणार नाही. मंगळवारी सकाळी १० ची आठवण लावा. ‘अहवाल लिहिणे’ लक्षात होतं, तरी तीन आठवडे पुढे जातंय? ते एक काम नाहीच. त्याऐवजी ‘अहवालाचे मुद्दे काढणे, ४० मिनिटं’ असं लिहा. बाकीच्या तीन कामांपैकी जे महिनाभर न केल्यानं कोणाचं काही अडणार नाही, ते खोडा किंवा ‘नंतर’च्या वेगळ्या यादीत टाका.

अचानक येणारी कामं तीन-चार आठवडे एकाच वाराला येताना दिसली, तर तो वार मोकळा ठेवा.