सही करण्याआधी इंदूरच्या सियागंज बाजारातली जुनी बिलं काढ

बिलं वाचणाऱ्या प्रणालीसाठी तू ज्याच्याशी करार करणार आहेस, तो विक्रेता म्हणतो, आमचं एआय बिलं ९५ टक्के अचूक वाचतं. आधी विचार, ९५ टक्के कशाचे? प्रत्येक रकान्याचे की अख्ख्या बिलाचे? बिलात जीएसटी क्रमांक, तारीख, दर, रक्कम असे दहा रकाने धर. प्रत्येक रकाना ९५ टक्के बरोबर आला, तरी दहाही बरोबर असलेली बिलं शंभरात साधारण साठच निघतात. उरलेली चाळीस तुझा मुनीमच दुरुस्त करणार, आणि कुठली चाळीस हे कळायला त्याला शंभरही तपासावी लागतील. म्हणून विचार, शंका असलेला रकाना प्रणाली स्वतः दाखवते का?

त्यांचा नमुना बघून भुलू नकोस, तो नेहमीच स्वच्छ छापील असतो. सियागंजातल्या व्यापाऱ्यांची हाताने लिहिलेली, हिंदी आकड्यांची, हळदीचे डाग पडलेली शंभर जुनी बिलं दे आणि निकाल तूच मोज. पण यात पुरवठादारांची नावं आणि दर बाहेर जाणार, तेव्हा चाचणीआधीच लेखी घे: आमची बिलं मॉडेल शिकवायला वापरणार नाही.

करार सोडताना काय मिळेल, हेही आत्ताच ठरव. नुसती पीडीएफ चालणार नाही. मूळ बिलांची चित्रं आणि मुनीमाने दुरुस्त केलेल्या नोंदी एक्सेलमध्ये उघडतील अशा हव्यात, किती दिवसांत आणि किती पैशांत तेही लिहून. जीएसटीचे कागद वर्षानुवर्षं सांभाळावे लागतात, तेव्हा सगळं हाती आल्याचं तू कळवल्यावरच त्यांनी त्यांच्याकडचं पुसायचं.