सरपंचावर को वॉरंटो की मँडॅमस?

प्रश्न: 'आमच्या सरपंचाचं घर गायरानात आहे. अपात्रतेचा अर्ज कलेक्टरांकडे वर्षभर पडून आहे. हायकोर्टात थेट को वॉरंटो टाकता येईल का?'

टाकता येईल, पण बहुधा टिकणार नाही. 'कोणत्या अधिकारानं या पदावर बसलास?' असं को वॉरंटो ही रिट, म्हणजे हायकोर्टाचा खास आदेश, विचारते. पद सार्वजनिक हवं आणि बसलेल्याला कायद्यानं हक्कच नसल्याचं उघड दिसायला हवं. अर्जदाराचं स्वतःचं नुकसान दाखवावं लागत नाही, म्हणून ती सगळ्यांना मोहात पाडते. पण तुमचा सरपंच निवडून आलेला आहे. अतिक्रमण आहे की नाही, हे ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १६ खाली कलेक्टरनं ठरवायचं आहे. ते ठरण्याआधी गेलात तर कोर्ट म्हणेल, आधी तिकडे जा.

तुम्हाला हवी आहे मँडॅमस. निर्णय देणं कलेक्टरचं कर्तव्य आहे आणि तो देत नाही, एवढंच तुमचं गाऱ्हाणं. याचिकेच्या प्रार्थनेत, म्हणजे मागणीच्या भागात, 'सरपंचाला अपात्र करा' लिहू नका, 'अमुक आठवड्यांत दोन्ही बाजू ऐकून निकाल द्या' असं मागा. कोर्ट निकाल द्यायला लावतं, कोणता द्यायचा ते सहसा सांगत नाही.

त्याआधी लेखी मागणी करा. माझ्या एका अशिलानं कार्यालयात दहा फेऱ्या मारल्या होत्या, पण सगळी विनंती तोंडी. न्यायमूर्तींनी पहिलंच विचारलं, 'मागणी केल्याचा कागद कुठंय?' याचिका मागे घेऊन पुन्हा सुरुवात करावी लागली. तेव्हा अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या आणि रोजनाम्याची नक्कल काढा. 'साहेब दौऱ्यावर, पुढील तारीख' असं पाच वेळा लिहिलेलं दिसलं की तुमचं निम्मं काम झालं.

उरलेल्यांपैकी दोन रिट, प्रोहिबिशन आणि सर्शिओरारी, सरपंचाच्या कामाच्या. समजा, कलेक्टरऐवजी तहसीलदारच अपात्रतेचा निकाल द्यायला बसला. प्रकरण चालू असताना त्याला थांबवायचं तर प्रोहिबिशन. आदेश निघून गेला असेल तर थांबवण्यासारखं काही उरत नाही, मग तो रद्द करायला सर्शिओरारी. एरवी कारण तेच चालतं, फरक वेळेचा.

कलेक्टरनंच अपात्र केलं आणि मोजणीचा पंचनामा सरपंचाला दाखवलाच नाही, तरी सर्शिओरारीचा मुद्दा होतो. मात्र आदेशावर १५ दिवसांत अपिलाची सोय आहे, ती टाळून आलात तर कारण सांगावं लागतं. नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा अधिकारच नसणं ही त्यातली चालणारी कारणं. भिंत गायरानात किती फूट घुसली, याची फेरमोजणी मात्र हायकोर्ट करत बसत नाही. वरच्यासारखं कारण किंवा नोंदीवरून सरळ दिसणारी कायद्याची चूक असेल तरच ते हात घालतं, आणि बऱ्याचदा आदेश रद्द करून प्रकरण पुन्हा कलेक्टरकडेच पाठवतं.