गरोदरपणात आणि नंतर पाजतानाही चालेल असा एकच कुर्ता : शिंप्याला काय सांगावे

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. बाळंतपणासाठी माहेरी सोलापूरला आले आहे आणि एप्रिल-मे इथेच जाईल. सुती कुर्ते शिवून घ्यायचे आहेत, जे आताही होतील आणि पुढे बाळाला पाजतानाही चालतील. तयार घेतलेल्या कुर्त्याची छातीवरची चेन दोन धुण्यांतच वेडीवाकडी झाली. शिंप्याला नेमके काय सांगू?

उत्तर :

ताई, मी सोलापुरात अठरा वर्षे बायकांचे कपडे शिवते आहे. या प्रकारच्या कुर्त्यात बहुतेक चुका एकाच कारणाने होतात : कापड जिथे ताणले जाते, तिथेच उघडण्याची जागा ठेवली जाते. पोट वाढत असते तेव्हा ताण छातीच्या खाली आणि कुशीला येतो, तर बाळ झाल्यावर पोट उतरते आणि छाती भरते. म्हणून ताण घेणारा भाग आणि उघडणारा भाग वेगवेगळे ठेवावे लागतात आणि त्यांच्यामध्ये छातीखालची एक आडवी शिवण घालावी लागते. ही शिवण शिंप्याला पहिल्यांदा सांगा.

आकड्यांनी समजावते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीची पाचव्या महिन्यात छाती 36 आणि पोटाचा घेर 38 इंच होता, आणि नवव्या महिन्यात पोट 44 च्या आसपास जाईल असा अंदाज धरला. कुर्त्याचा पोटाजवळचा घेर मी 42 ठेवला. त्यातले 32 इंच साधे सुती कापड होते आणि दोन्ही कुशींना 5-5 इंच रुंदीच्या ताणणाऱ्या पट्ट्या होत्या. पोट 44 झाले तेव्हा प्रत्येक पट्टी 5 ची 6 झाली, आणि मांडी घालून बसल्यावर फार तर 7. पट्टी इतकीच ताणली गेली तर ती अंगाला काचत नाही. घेर सुरुवातीलाच 46 चा केला असता तर आज तो कुर्ता गोणपाटासारखा लोंबला असता.

पट्टीसाठी टी-शर्टच्या गळ्याला लावतात ते सुती रिब घ्यावे, त्यात थोडे लायक्रा असलेले. शाळांचे गणवेश शिवणाऱ्यांना माल देणाऱ्या दुकानांत ते विचारून पाहा. दुकानातच परीक्षा करा : चार इंच तुकडा सहा इंचांपर्यंत ओढून सोडा. तो लगेच चारवर आला तर ठीक, साडेचारवर थांबला तर नको, कारण बाळंतपणानंतर ती पट्टी कुशीला झोळीसारखी लोंबेल. जास्त ताण आडवा, म्हणजे घेराच्या दिशेने यायला हवा. घाईत पट्टी उभी कापली गेली तर ती असून नसल्यासारखी. शिवताना पट्टी ओढू नये, टाका झिगझॅग किंवा ओव्हरलॉकचा असावा. साध्या सरळ टाक्याचा दोरा कापडाबरोबर ताणला जात नाही, त्यामुळे तो एखाद्या दिवशी उठता-बसता कडकन तुटतो.

पुढच्या भागाची उंचीही मागच्यापेक्षा 3 इंच जास्त ठेवून घ्या. पोट पुढे आले की घेर वर ओढला जातो आणि कुर्ता पुढून आखूड दिसू लागतो. ही जादा उंची कुशीच्या उभ्या शिवणींत, पोटाजवळ, बारीक चुण्या घालून सामावते आणि दिसत नाही.

आता तुमच्या चेनविषयी. चेन लाटेसारखी झाली याचा अर्थ बहुधा असा की कापड न भिजवता शिवले होते. सुती कापड धुण्यात आटते, नायलॉनची चेन आटत नाही, आणि मग उरलेली लांबी चेनीलाच वळ्या पाडते. कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवले की हा त्रास बराचसा टळतो. अस्तराचे मलमलही भिजवायला विसरू नका.

चेन उभ्या शिवणीत, दोन्ही बाजूंना एकेक, कापडाच्या पट्टीखाली लपवून लावतात. ती किती वरून सुरू होते याकडे कुणी लक्ष देत नाही. पाजण्याच्या ब्राची क्लिप वाटीच्या वरच्या टोकाला, पट्ट्याजवळ असते. चेन स्तनाग्राच्या उंचीवर सुरू झाली तर हात क्लिपपर्यंत पोहोचतच नाही आणि बाई शेवटी गळ्यातून हात घालते. म्हणून ती स्तनाग्राच्या किमान 3 इंच वर सुरू होऊन एकूण 8 ते 9 इंचांची असावी. माप ती ब्रा घालूनच द्या. चेन वरून खाली उघडणारी घ्या : कापड खांद्यावरून लटकलेले असल्याने खाली ओढताना त्याला आपोआप धर मिळतो आणि एका हाताने काम होते. खालून वर उघडणारी असेल तर कापडच गोळा होऊन वर येते. रनर आपोआप अडकणारा असावा, दात नायलॉनचे. धातूची चेन उन्हाळ्यात तापते आणि बाळाच्या गालाला टोचते. आतून इंचभर रुंद मलमलची पट्टी हवीच.

चेनीचे खालचे टोक छातीखालच्या शिवणीच्या वरच संपले पाहिजे. एकदा मी ते दोन इंच खाली जाऊ दिले होते. आठव्या महिन्यात त्या बाईने बसून दाखवले, तर लपवलेली पट्टी माशाच्या तोंडासारखी उघडली होती आणि चेन आरपार दिसत होती. तो कुर्ता मला उसवून पुन्हा करावा लागला. म्हणून कुर्ता घेताना उभे राहून आरशात पाहू नका, खुर्चीवर बसून बाजूने पाहा.

घरात वापरायला मात्र मी चेनीपेक्षा एकावर एक पदर येणारा, अंगरख्यासारखा पुढचा भाग पसंत करते. यात उघडायला काही नसते, वरचा पदर बाजूला सारायचा. दोन्ही पदर एकमेकांवर किमान 5 इंच यावेत, आणि खालची टोके छातीखालच्या शिवणीतच पक्की करावीत, म्हणजे पोटाचा ताण वर पोहोचत नाही. याची कमजोरी काठात आहे. तिरका काठ उरेब कापला जातो आणि दिवसातून आठ-दहा वेळा ओढला की सैल होतो. मग वाकताना आतले दिसते आणि दोष बाईच्या अंगाला दिला जातो. काठाच्या आत कापडाच्या किनारीची अरुंद पट्टी शिवून घ्या, ती काठापेक्षा अर्धा इंच कमी लांबीची असावी, म्हणजे काठ अंगाशी बसतो. मध्यावर एक टिचबटण लावा. मागे बांधायचे बंद घालू नका, पाठीवर निजताना गाठ रुतते.

दोन थरांचा प्रकार, ज्यात वरचा छोटा थर उचलला की खालच्या थरात दोन मोकळ्या जागा असतात, झाकलेपणात सर्वांत चांगला आहे. पण सोलापूरच्या मे महिन्यात छातीवर दोन थर सोसवत नाहीत. तो पावसाळ्यासाठी ठेवा.

सलवारीच्या नाडीचे वेगळे सांगते. नेफा पोटाखाली बसणारा नको. सिझेरियन झाले तर टाके अगदी तिथेच असतात आणि नाडी त्यांवर घासते. पोटाच्या वर जाणारा, त्याच रिबचा रुंद पट्टा लावून घ्या.

पहिला कुर्ता एकच शिवून घ्या आणि आठवडाभर वापरा. शिवणींत अर्ध्याऐवजी इंचभर माया ठेवायला सांगा. बाळ झाल्यावर छाती 36 ची 39 झाली तर उसवून वाढवायला कापड हातात राहील. रिबच्या पट्टीवर कडक इस्त्री फिरवू नका, आणि ब्लीच तर मुळीच नको. लायक्रा दोन्हींनी मरते.